सत्ताशास्त्रीय युक्तिवाद: अँसेल्मच्या पायऱ्या आणि त्यांवरचे आक्षेप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा युक्तिवाद ईश्वराच्या बाकीच्या ‘पुराव्यां’पेक्षा वेगळा कसा?

बाकीचे बहुतेक युक्तिवाद जगाकडे बोट दाखवून सुरू होतात. जगात हालचाल आहे, कार्यकारणभाव आहे, रचना आहे, मग यामागे कोणीतरी असले पाहिजे, अशी त्यांची चाल असते. सत्ताशास्त्रीय युक्तिवाद जगाकडे पाहतच नाही. ईश्वर या संकल्पनेत काय येते एवढेच तो विचारतो आणि त्यावरून ईश्वर आहे असा निष्कर्ष काढतो. त्याची आधारविधाने तपासायला दुर्बीण लागत नाही, इतिहास लागत नाही, साक्षीदार लागत नाही. म्हणून त्याला अनुभवपूर्व युक्तिवाद म्हणतात. हा युक्तिवाद टिकला तर ईश्वराचे अस्तित्व गणितातल्या प्रमेयाइतके पक्के ठरते, आणि त्याची एक पायरी निसटली तर हाती काहीच उरत नाही.

याच्या अनेक आवृत्त्या आहेत. पहिल्या वर्षाला अँसेल्मची आवृत्ती नीट समजली तर पुढचे सगळे सोपे जाते, म्हणून या पानावर भर तिच्यावरच आहे.

अँसेल्म कोण होता? त्याला पुरावा द्यायची गरज का पडली?

अँसेल्मचा जन्म १०३३ साली आल्प्समधल्या आओस्ता गावी झाला. नॉर्मंडीतल्या बेक इथल्या मठात तो भिक्षू झाला. पुढे १०९३ साली कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि ११०९ साली वारला. ज्यात हा युक्तिवाद आहे ते ‘प्रोस्लोगिऑन’ नावाचे छोटेसे पुस्तक त्याने बेकमध्ये असताना, १०७७-७८ च्या सुमारास लिहिले.

गरज म्हणाल, तर त्याला स्वतःला ईश्वराबद्दल शंका नव्हती. सगळे पुस्तक ईश्वराला उद्देशून केलेल्या प्रार्थनेसारखे आहे. जे मानतो ते बुद्धीनेही कळावे, एवढी त्याची इच्छा. पण युक्तिवादात समोर बसवलेला माणूस मात्र नास्तिक आहे: बायबलच्या स्तोत्रांतला, ‘ईश्वर नाही’ असे मनाशी म्हणणारा ‘मूर्ख’. त्या मूर्खाला पटेल एवढ्याच सामग्रीवर अँसेल्म सुरुवात करतो. त्यामुळे ‘तो आधीच आस्तिक होता, म्हणून त्याचा युक्तिवाद बाद’ ही टीका चालत नाही. माणूस काय मानत होता हे बाजूला ठेवून आधारविधाने तपासायची.

‘ज्याहून मोठे काही कल्पिताच येत नाही असे ते’, अशी वाकडी व्याख्या कशाला? सरळ ‘सर्वांत मोठा’ का नाही म्हणायचे?

सगळी मेख इथेच आहे. समजा, अस्तित्वात असलेल्या सगळ्या वस्तूंची यादी केली आणि त्यांतली सर्वांत मोठी निवडली. ती इतरांहून मोठी ठरेल, पण तिच्याहून मोठे काही मनात आणता येणार नाही असे थोडेच आहे? जगात फक्त दगडच असते तर त्यांतला एखादा दगड ‘सर्वांत मोठा’ ठरला असता. ‘सर्वांत मोठा’ म्हटले की तुलना असलेल्या वस्तूंशी होते. अँसेल्मची व्याख्या तुलना कल्पनेच्या मर्यादेशी करते. गॉनिलो या समकालीन भिक्षूने उत्तर देताना हा फरक गाळून ‘सर्वांहून मोठे’ असे शब्द वापरले, तेव्हा अँसेल्मने त्याला तिथेच अडवले आणि हे माझे शब्द नव्हेत असे बजावले.

‘मोठे’ म्हणजे आकाराने मोठे नव्हे, हे सांगायला हवे. जे असणे नसण्यापेक्षा चांगले, ते ते सगळे ज्याच्या ठायी जास्त आहे ते मोठे. ज्ञान, सामर्थ्य, न्यायीपणा हे त्यात येतात. ‘श्रेष्ठ’ म्हटले तरी चालेल. मी ‘मोठे’ हाच शब्द ठेवला आहे, कारण युक्तिवादात त्यावर जोर पडतो.

युक्तिवाद पायरी पायरीने सांगा.

पद्धत ओळखीची आहे. शाळेत भूमितीत अप्रत्यक्ष सिद्धता शिकलात तीच. जे सिद्ध करायचे त्याच्या उलट धरायचे, त्यातून व्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारे विधान, काढायचा आणि मग धरलेले सोडून द्यायचे. खालच्या मांडणीत ‘ज्याहून मोठे काही कल्पिता येत नाही असे ते’ या लांबलचक वर्णनाला मी ‘परम’ असे छोटे नाव देतो.

१. ईश्वर म्हणजे परम.

२. ‘परम’ हे शब्द ऐकले की नास्तिकालाही त्यांचा अर्थ कळतो. म्हणून परम निदान त्याच्या बुद्धीत तरी आहे.

३. (उलट धरू) परम फक्त बुद्धीत आहे, प्रत्यक्षात नाही.

४. पण परम प्रत्यक्षातही आहे अशी कल्पना करता येते.

५. प्रत्यक्षातही असणे हे केवळ बुद्धीत असण्यापेक्षा मोठे आहे.

६. म्हणजे ३ खरे असेल तर परमाहून मोठे काहीतरी कल्पिता येते. परंतु परम म्हणजे ज्याहून मोठे काही कल्पिताच येत नाही असे ते. हा उघड व्याघात झाला.

७. म्हणून ३ खोटे. परम प्रत्यक्षातही आहे, आणि १ नुसार ईश्वर आहे.

ही मांडणी ‘प्रोस्लोगिऑन’च्या दुसऱ्या प्रकरणातली आहे. मूळ मजकूर अगदी थोडा, एका परिच्छेदात मावेल एवढा आहे. तिथे आकडे घातलेले नाहीत. ते आपण अभ्यासासाठी घालतो, आणि कोणता आक्षेप कुठल्या पायरीवर बसतो हे पाहायला ते फार उपयोगी पडतात.

‘बुद्धीत असणे’ म्हणजे काय? डोक्यात ईश्वराचे चित्र असते असे का?

चित्र असण्याची गरज नाही. अँसेल्म चित्रकाराचे उदाहरण देतो. चित्र काढण्यापूर्वी ते चित्रकाराच्या बुद्धीत असते, पण ते काढले गेलेले नाही हे त्याला माहीत असते. काढून झाल्यावर ते बुद्धीतही असते आणि प्रत्यक्षातही. म्हणजे असण्याच्या दोन जागा आहेत, आणि एकच गोष्ट एका जागी किंवा दोन्ही जागी असू शकते.

हे वाचायला निरुपद्रवी वाटते, पण इथे एक मोठी गोष्ट गुपचूप आत येते. ‘मला या शब्दांचा अर्थ कळतो’ हे एक विधान आहे, आणि ‘त्या शब्दांनी सांगितलेली वस्तू माझ्या बुद्धीत आहे’ हे दुसरे. पहिले मान्य करून दुसरे नाकारता येते. जुन्या पंडितांची दोन उदाहरणे आपल्या ओळखीची आहेत, वंध्यापुत्र आणि शशशृंग. ‘वंध्येचा पुत्र’ हे शब्द मला कळतात, कळतात म्हणूनच त्यांत व्याघात आहे हे मी ओळखतो. तरीही असा कोणी पुत्र माझ्या बुद्धीत राहतो असे म्हणणे विचित्रच. सशाच्या शिंगाची गोष्ट वेगळी, त्यात व्याघात नाही. ते फक्त नाही, इतकेच. परम या दोहोंपैकी कुठल्या जातीचे, हा प्रश्न मनात ठेवा. शेवटी तो पुन्हा लागेल.

‘नुसती कल्पना केली म्हणून वस्तू अवतरत नाही’, एवढे म्हटले की युक्तिवाद संपलाच ना?

नाही. वर्गात सगळ्यांत आधी येणारे उत्तर हेच असते आणि ते अपुरे आहे. अँसेल्मलाही ते मान्य आहे! चित्रकाराच्या डोक्यातले चित्र आपोआप भिंतीवर उमटत नाही हे तो स्वतःच सांगतो. बहुतेक सर्व कल्पनांवरून अस्तित्व निघत नाही. फक्त या एका कल्पनेवरून निघते, कारण तिच्या बाबतीत ‘नाही’ म्हटले की व्याघात येतो, असा त्याचा दावा आहे. तेव्हा खंडन करायचे तर सहाव्या पायरीवरचा व्याघात खरा नाही हे दाखवावे लागेल, आणि त्यासाठी पहिल्या पाचांपैकी एखादी पायरी चुकीची आहे हे नेमके सांगावे लागेल.

हे अवघड आहे. बर्ट्रंड रसेलने आत्मचरित्रात लिहिले आहे की १८९४ साली, केंब्रिजला विद्यार्थी असताना, तंबाखूचा डबा विकत घेऊन परत येताना त्याला अचानक हा युक्तिवाद बरोबर असल्याचा साक्षात्कार झाला आणि त्याने तो डबा हवेत उडवला. पुढे त्याने मत बदलले. पण त्यानेही नमूद केले आहे की यात चूक असलीच पाहिजे असे वाटणे सोपे, ती नेमकी कुठे हे शोधणे कठीण.

गॉनिलोच्या बेटाचा आक्षेप काय आहे?

गॉनिलो हा फ्रान्समधल्या मार्मुतिए मठाचा भिक्षू. अँसेल्मचे पुस्तक वाचून त्याने ‘मूर्खाच्या वतीने’ असे उत्तर लिहिले. भिक्षूने नास्तिकाची वकिली करावी याचे आपल्याला नवल वाटते, पण त्याचे म्हणणे साधे होते: निष्कर्ष मला मान्य आहे, पुरावा मान्य नाही.

तो म्हणतो, समुद्रात कुठेतरी एक हरवलेले बेट आहे अशी कल्पना करा. सुखसमृद्धीत ते इतर सर्व भूमींहून वरचढ आहे. त्याचे वर्णन केले तर मला सहज कळेल. पण पुढे कोणी म्हणाले, ‘ते बेट तुझ्या बुद्धीत आहे, आणि प्रत्यक्षात असणे जास्त चांगले. ते नसेल तर कुठलीही खरी भूमी त्याच्याहून सरस ठरेल, म्हणून ते असलेच पाहिजे,’ तर हा माणूस थट्टा करतो आहे असेच मी समजेन. पटवून घेणारा मी जास्त मूर्ख की पटवणारा तो, हेही ठरवता येणार नाही.

आता वरच्या पायऱ्यांत ‘परम’ काढून ‘ज्याहून चांगले बेट कल्पिता येत नाही असे बेट’ घालून पाहा. हे स्वतः वहीत करून बघण्यासारखे आहे. दुसरी पायरी: शब्द कळतात, म्हणून बेट बुद्धीत आहे. तिसरी: ते फक्त बुद्धीत आहे असे धरू. चौथी: ते प्रत्यक्षात आहे अशी कल्पना करता येते. पाचवी तर तशीच राहते. सहावी: मग या बेटाहून चांगले बेट कल्पिता येते, व्याघात. सातवी: बेट आहे. कुठेच अडत नाही. याच साच्यात ज्याहून उत्तम घोडा कल्पिता येत नाही असा घोडा, ज्याहून उत्तम खुर्ची कल्पिता येत नाही अशी खुर्ची, सगळेच सिद्ध होऊ लागते. साच्यातून इतक्या खोट्या गोष्टी बाहेर पडत असतील तर साचाच बिघडलेला आहे.

या आक्षेपाचे बळ आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. कुठेतरी चूक आहे हे तो दाखवतो. कुठे आहे हे सांगत नाही.

अँसेल्मने त्याला काय उत्तर दिले?

आधी थोडी मिश्किली. हा युक्तिवाद परमाखेरीज दुसऱ्या कशाला लागू करून दाखवलात तर ते हरवलेले बेट मीच तुम्हाला शोधून देईन आणि पुन्हा हरवू देणार नाही, असे तो म्हणतो. मग तो म्हणतो की नसण्याची कल्पनाच करता येत नाही असे फक्त परमच आहे. आरंभ आणि अंत असलेली, तुकड्यांनी बनलेली कुठलीही वस्तू नाही असे कल्पिता येते. बेट हे तसेच. आणि आपल्यावरचा आक्षेप व आपले उत्तर ही दोन्ही यापुढे पुस्तकाच्या प्रतींना जोडली जावीत अशी इच्छाही त्याने व्यक्त केली. टीका दडवणाऱ्यांपैकी तो नव्हता, हे मला आवडते.

आजचे समर्थक उत्तर थोडे वेगळे देतात. बेटाच्या चांगुलपणाला वरची हद्द नसते, असे ते म्हणतात. कितीही झाडे असू द्या, आणखी एक घालता येते, आणखी एक किनारा जोडता येतो. त्यामुळे ‘ज्याहून चांगले बेट कल्पिता येत नाही’ हे वर्णन ‘सर्वांत मोठी पूर्णसंख्या’ या वर्णनासारखे निरर्थक आहे. ज्ञानाला मात्र वरची हद्द आहे. सर्व सत्ये जाणणे याच्या पलीकडे ज्ञान जाऊ शकत नाही.

हे उत्तर चांगले आहे, पण पुरेसे वाटत नाही. बेटासारखेच, पण हद्द असलेले विडंबन शोधणे फार कठीण नसते. शिवाय चांगुलपणाला किंवा सामर्थ्याला खरोखर हद्द आहे का, आणि असली तर सगळे गुण एकाच ठिकाणी हद्दीपर्यंत जाऊ शकतात का, हे ईश्वराच्या बाबतीतही सिद्ध करावेच लागते. पूर्ण न्याय आणि पूर्ण दया एकत्र कशी नांदतात, या प्रश्नाशी अँसेल्म स्वतः त्याच पुस्तकात झगडतो.

थॉमस अक्वायनससारख्या संतानेही हा युक्तिवाद नाकारला हे खरे का?

हो. ‘सुम्मा थिओलॉजिए’च्या पहिल्या भागात, दुसऱ्या प्रश्नाखाली, तो हा युक्तिवाद घेतो आणि बाजूला ठेवतो. ईश्वर म्हटल्यावर सर्वांच्या मनात परमच येते असे नाही, कित्येकांनी ईश्वराला शरीर आहे असेही मानले. आणि तो अर्थ मान्य केला तरी त्यातून एवढेच निघते की परम बुद्धीत आहे. प्रत्यक्षात असे काही आहे हे आधी कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि नास्तिक नेमके तेच कबूल करत नाही. थोडक्यात, हा युक्तिवाद नाकारणे म्हणजे ईश्वर नाकारणे नव्हे. अक्वायनसने मग जगाकडे पाहून केलेले पाच मार्ग दिले.

कांटचा आक्षेप नीट समजावून सांगा. ‘अस्तित्व हे विधेय नाही’ म्हणजे काय?

कांटसमोर मुख्यतः देकार्तची आवृत्ती होती. देकार्तने १६४१ साली ‘मेडिटेशन्स’मध्ये पायऱ्या कमी करून टाकल्या: ईश्वर म्हणजे सर्व पूर्णतांनी युक्त, अस्तित्व ही एक पूर्णता, म्हणून ईश्वराला अस्तित्व आहेच. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असणे जसे त्रिकोणापासून तोडता येत नाही, तसे अस्तित्व ईश्वरापासून तोडता येत नाही.

कांटने १७८१ साली ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ या ग्रंथात त्यावर दोन वेगळे वार केले. विद्यार्थी ते एकत्र करून टाकतात, म्हणून सुटे करू.

पहिला वार असा. त्रिकोण आहे असे धरून त्याचे तीन कोन नाकारले तर व्याघात होतो. पण त्रिकोण आणि कोन दोन्ही एकदमच नाकारले तर? व्याघात व्हायला काही उरतच नाही. ‘ईश्वर सर्वशक्तिमान आहे’ हे नाकारणे व्याघाती असेल, पण ‘ईश्वर नाही’ म्हणताना मी ईश्वराला त्याच्या सगळ्या गुणांसकट उचलून बाजूला ठेवतो.

दुसरा वार जास्त गाजला. विधेय एखाद्या गोष्टीच्या संकल्पनेत काही भर घालते. ‘हा माणूस उंच आहे’ म्हटले की त्याच्या वर्णनात एक गुण वाढतो. ‘हा माणूस अस्तित्वात आहे’ म्हटल्याने वर्णनात काय वाढले? काहीच नाही, त्या वर्णनाला बसणारा कोणीतरी आहे एवढेच कळले. कांटचे उदाहरण शंभर थालर या जर्मन नाण्यांचे आहे. खरे शंभर थालर आणि कल्पनेतले शंभर थालर यांच्या संकल्पनेत एका नाण्याचाही फरक नाही. तसा फरक असता तर खिशात आले ते आपण कल्पिलेले शंभर नव्हेतच, असे म्हणावे लागले असते. खिशाच्या दृष्टीने मात्र फरक पडतो, आणि तेही कांट मान्य करतो.

याचा घाव पाचव्या पायरीवर बसतो. अस्तित्व हा गुणच नसेल तर तो असल्याने एखादी गोष्ट ‘मोठी’ होत नाही, कारण मोठेपणा गुणांवरून ठरतो.

फ्रेगने १८८४ साली हाच विचार तर्कशास्त्राच्या भाषेत मांडला. ‘घोडे अस्तित्वात आहेत’ हे घोड्यांबद्दलचे विधान नाही, ‘घोडा’ या संकल्पनेबद्दलचे आहे. तिला बसणाऱ्यांची संख्या शून्य नाही, असे ते सांगते. आणि यावरून ईश्वराचा सत्ताशास्त्रीय पुरावा कोसळतो, असे त्याने स्पष्ट म्हटले.

मग कांटने विषय संपवला असे समजायचे का?

इतक्यात नाही. अँसेल्मला ‘अस्तित्व हे विधेय आहे’ असे म्हणण्याची गरज आहे का, यावर वाद आहे. परमाच्या वर्णनात तो अस्तित्व टाकत नाही. बुद्धीत असलेल्या गोष्टींची तो तुलना करतो, आणि प्रत्यक्षात असणारी जास्त मोठी, एवढेच म्हणतो. शिवाय ‘प्रस्तुत राजा ऐतिहासिक आहे, अमुक राजा काल्पनिक’ असे आपण सर्रास म्हणतो आणि त्यातून राजांबद्दल काहीतरी सांगितले जाते. अस्तित्व गुण नाही हे म्हणूनच अजून सर्वमान्य नाही.

माझ्या मते कांटचा सिद्धांत न मानताही चूक दाखवता येते.

ती कशी?

एक व्याख्या करू. ‘सशिंग’ म्हणजे डोक्यावर शिंगे असलेला आणि प्रत्यक्षात अस्तित्वात असलेला ससा. अस्तित्व गुण आहे असे वादापुरते धरू, म्हणून ते व्याख्येत घालायला हरकत नाही. आता ‘अस्तित्वात नसलेला सशिंग’ हा व्याघात आहे. म्हणून सशिंग आहे?

अर्थात नाही. व्याख्येतून एवढेच निघते: कोणी सशिंग असेल, तर तो अस्तित्वात असेल. हे विधान खरे आहे आणि त्याने कोणाचेच काही बिघडत नाही. सशिंग आहे का हे जंगलात जाऊनच पाहावे लागेल. ‘असेल, तर’ हे दोन शब्द गाळले की व्याख्येतून प्राणी निघतो.

आता परमाकडे या. चौथ्या पायरीत नास्तिकाने कल्पना केली की परम प्रत्यक्षात आहे. ठीक. पण त्याची कल्पना पहिल्यापासून अशीच होती, परमाचा विचार करताना त्याने त्याला खरोखर असणारे असेच कल्पिले होते. त्या कल्पनेला प्रतिसाद देणारे काही जगात नाही, एवढेच तो म्हणतो. मग कशाहून काय मोठे झाले? एका बाजूला ‘नसलेले परम’ नावाची एक लहान वस्तू आणि दुसऱ्या बाजूला ‘असलेले परम’ नावाची मोठी वस्तू अशी तुलना करायची, तर ती लहान वस्तू आधी हवी. ती दुसऱ्या पायरीत आली होती, ‘शब्द कळतात’ वरून ‘वस्तू बुद्धीत आहे’ असे म्हटले तेव्हा. ते पाऊल परत घ्या. नास्तिकाचे म्हणणे मग असे उरते: परम या वर्णनात बसणारे काही असेल, तर ते प्रत्यक्षात असेल, आणि तसे काही नाही. यात व्याघात शोधून सापडत नाही.

देकार्तला ‘मेडिटेशन्स’ छापण्याआधीच कातेरुस या धर्मपंडिताने जवळपास हाच मुद्दा लिहून पाठवला होता. अँसेल्मचे समर्थक यावर म्हणतील की ज्याबद्दल आपण बोलतो ते काहीतरी असतेच, नुसत्या विचारात का होईना. नसलेल्या वस्तूंबद्दलचे हे मत आजही काही तत्त्वज्ञ मांडतात, तेव्हा वाद तिथे सरकतो.

परीक्षेत आक्षेप लिहिताना कुठे चुकते?

पायरीचा क्रमांक न देता आक्षेप लिहिला जातो, ही नेहमीची चूक. ‘गॉनिलो म्हणतो की बेट सिद्ध होते, म्हणून अँसेल्म चुकला’ एवढ्यावर थांबू नका. बेटाने पूर्ण साचा संशयास्पद ठरतो, तर कांट पाचवी पायरी धरतो आणि अक्वायनस दुसरीतून पुढे जाणेच नाकारतो, असे लिहिले की तपासणाऱ्याला तुम्हाला कळले आहे हे दिसते. दुसरी चूक म्हणजे कांटने अँसेल्मला उत्तर दिले असे लिहिणे. त्याचा रोख देकार्त आणि लायब्निट्स यांच्या परंपरेवर होता. आणि ‘विज्ञानाने हे खोटे ठरवले’ असे मात्र कृपया लिहू नका. अनुभवपूर्व युक्तिवादाला प्रयोगशाळेतून उत्तर मिळत नाही.

प्रकरण तीनमधला दुसरा युक्तिवाद आणि प्लँटिंगाची आवृत्ती यांचा संबंध काय?

तिसऱ्या प्रकरणात अँसेल्म एक पाऊल पुढे जातो. ज्याचे नसणे कल्पिताच येत नाही असे काही कल्पिता येते, आणि ते ज्याचे नसणे कल्पिता येते त्याहून मोठे. म्हणून परमाचे अस्तित्व योगायोगाचे नाही, अनिवार्य आहे. १९६० साली नॉर्मन माल्कमने हा स्वतंत्र आणि जास्त बळकट युक्तिवाद असल्याचे म्हटले. इथे अस्तित्व हा गुण नसला तरी चालते, अनिवार्य अस्तित्व हा गुण असला की पुरे.

अल्विन प्लँटिंगाने १९७४ साली त्याला शक्य जगांच्या भाषेत बसवले. शक्य जग म्हणजे सगळे जसे असू शकले असते तसे एक संपूर्ण चित्र. आपले खरे जग त्यांपैकी एक. परमश्रेष्ठ तो, जो प्रत्येक शक्य जगात सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि नैतिकदृष्ट्या पूर्ण असतो. असा कोणी शक्य आहे, एवढे मान्य करा. मग एखाद्या शक्य जगात तो आहे. पण तो तिथे परमश्रेष्ठ असायचा तर प्रत्येक जगात असला पाहिजे. प्रत्येक जगात आपलेही आले. म्हणून तो आहे.

आकारदृष्ट्या हे वैध आहे. सगळा भार ‘शक्य आहे’ या दोन शब्दांवर. आणि इथे उलट सूरही तितकाच सोपा आहे: परमश्रेष्ठ नाही असे एखादे जग शक्य आहे, असे मान्य करा. मग तो प्रत्येक जगात नाही, म्हणून कुठेच नाही. दोन्ही सुरुवाती ऐकायला सारख्याच निरागस वाटतात, पण दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत.

गोल्डबाखच्या अनुमानावरून हे स्पष्ट होते. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असे ते अनुमान. ते अजून सिद्धही नाही आणि खोडलेलेही नाही. म्हणून ‘ते खरे असणे शक्य आहे’ आणि ‘खोटे असणे शक्य आहे’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. पण तिथे ‘शक्य’ म्हणजे ‘आपल्याला माहीत नाही’. गणिती विधान खरे असेल तर अनिवार्यपणे खरे असते, खोटे असेल तर अनिवार्यपणे खोटे. प्लँटिंगाच्या युक्तिवादाला हे अज्ञानातले ‘शक्य’ चालत नाही, खरोखरचे शक्य हवे. म्हणजे परमश्रेष्ठ हे वंध्यापुत्राच्या जातीचे नाही हे आधी दाखवावे लागते. लायब्निट्सला ही गरज कळली होती, आणि सर्व पूर्णता परस्परांशी सुसंगत आहेत हे सिद्ध करण्याचा त्याने प्रयत्नही केला.

प्लँटिंगा स्वतः याला ईश्वराचा पुरावा म्हणत नाही. शक्यतेचे आधारविधान मानणे बुद्धीला धरून आहे, म्हणून निष्कर्ष मानणेही बुद्धीला धरून आहे, इतकाच त्याचा दावा आहे. नास्तिकाने ते आधारविधान नाकारले तर तेही अविवेकी ठरत नाही, हे तो कबूल करतो.